कशावरून?

"यंदा बोरं लवकर आली," एवढंच मी म्हणालो होतो. हातात हाफ चहा, समोर गाड्यावर बोरांचा ढीग, आणि एक बोर तोंडात. याहून जास्त पुरावा माणसानं आणायचा तरी कुठून?

"कशावरून?" अण्णांनी विचारलं.

मी तोंडातल्या बोराकडं बोट केलं.

"बोर आलं हे दिसायलंय की. लवकर आलं म्हणायलात, ते कशावरून? मागच्या साली कोणत्या तारखेला आलं होतं?"

मागच्या साली पहिलं बोर कोणत्या तारखेला खाल्लं हे लिहून ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी बी थुंकलं आणि गप्प बसलो. टपरीवाल्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. त्याच्याही 'आज दूध चांगलं आलंय' या वाक्याची त्याच सकाळी चौकशी झाली होती.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. कोर्टाच्या मागच्या फाटकाला लागून ही टपरी आहे. मी त्याच कोर्टात पंचवीस वर्षं वकिली करतो. दिवसभर मी लोकांना कशावरून, कशावरून म्हणून पिडतो, आणि संध्याकाळी पाच वाजता टपरीवर आलो की अण्णा मला पिडतात. बायको म्हणते, हा निसर्गाचा न्याय आहे. अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झाले. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण अण्णांना तसं म्हटलेलं चालत नाही. "मी तलाठी होतो, तलाठीच रिटायर झालो. दुसरं कशावरून म्हणता?"

अशा माणसाचं करायचं काय, हा प्रश्न आमच्या टपरीवर बरेच दिवस चर्चेत होता. काहींनी त्यांच्यासमोर बोलणंच सोडलं. काहींनी त्यांना चिडवायला मुद्दाम फेकायला सुरुवात केली. मी मधल्या मधे अडकलो, कारण ज्या प्रश्नावर माझी चूल पेटते त्याच प्रश्नावर चिडायचं तर कोणत्या तोंडानं?

पहिल्यांदा मला वाटलं, कायद्यानंच उत्तर द्यावं. पुराव्याचा जुना कायदा १८७२ चा. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. जो म्हणतो त्यानं सिद्ध करावं, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं तत्त्व. अण्णांचं सगळं बळ तिथं. पण त्याच कायद्यात असंही आहे की काही गोष्टी सिद्ध कराव्याच लागत नाहीत, कोर्ट त्यांची आपण होऊन दखल घेतं. जुन्या कायद्यात ही कलमं ५६ आणि ५७. काळाचे विभाग, पृथ्वीचे भौगोलिक विभाग, राजपत्रात जाहीर झालेले सण आणि सुट्ट्या, एवढंच काय, रस्त्यानं कोणत्या बाजूनं चालायचं तो नियमसुद्धा त्या यादीत आहे. आणि पुढच्या ५८ कलमात, समोरच्यानं जे कबूल केलंय ते पुन्हा सिद्ध करायची गरज नाही.

एका संध्याकाळी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. "बघा, दिवाळी आली याचा पुरावा कोर्टसुद्धा मागत नाही."

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "बोराचं नाव आहे का त्या यादीत?"

नाही. बोर यादीत नाही.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट जाणवली, आणि ती अण्णांना न सांगता मी जवळ ठेवली. कोर्ट काही गोष्टींना पुरावा मागत नाही, ते काही दिवाळीवर त्याचा फार विश्वास आहे म्हणून नव्हे. तिथं पुरावा मागून कोणाचंच काही अडत नाही किंवा सुटत नाही, उलट वेळ जातो, म्हणून. मग टपरीवरच्या वाक्यालाही तोच काटा लावावा: या वाक्याच्या खांद्यावर ओझं किती आहे? बोरं लवकर आली, या वाक्यावर कोणाचा पैसा नाही, कोणाची अब्रू नाही. ते वाक्य म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणण्याचाच एक प्रकार आहे. त्याला साक्षीदार कशाला?

पण हे सगळं अण्णांच्या विरुद्धच जातं असं समजू नका. त्यांनी मला तोंडावर पाडलंय, आणि रास्त पाडलंय. कालव्याच्या पाण्याची पाळी कधी सुटणार यावर बोलता बोलता मी म्हणालो, "आपलं जायकवाडी म्हणजे आशियातलं सगळ्यात मोठं मातीचं धरण." मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य बाळगुटीतून मिळतं. शाळेच्या सहलीत पैठणला नेलं की गुरुजी सांगतात, आपण लेकरांना सांगतो. अण्णा म्हणाले, कशावरून? मी म्हणालो, अहो सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणालो आणि जीभ चावली, कारण उलटतपासात साक्षीदारानं हेच उत्तर दिलं की मी त्याची काय गत करतो हे अण्णांनी बघितलेलं आहे.

घरी जाऊन शोधलं. जायकवाडीचा नाथसागर लहान नाही. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, १०२ टीएमसी एकूण साठा, १९७६ साली लोकार्पण. पण भिंतीची उंची एक्केचाळीस मीटरच्या आसपास. तिकडं पाकिस्तानात सिंधूवर तरबेला आहे, तेही मातीच्या भरावाचं, तेही आशियातच, आणि उंची १४३ मीटर. भरावाच्या मातीचा हिशोब काढला तर जायकवाडी त्याच्या जवळपासही जात नाही. 'सगळ्यात मोठं' म्हणजे लांबीनं, उंचीनं, की साठ्यानं, हे आमच्या वाक्यात कधी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, "अण्णा, ते आशियातलं मी मागं घेतो. महाराष्ट्रातल्या मोठ्यांपैकी, एवढंच ठेवा." अण्णांनी माझ्या चहाचे पैसे दिले. विजयाचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता, आणि हे मला नंतर फार महत्त्वाचं वाटलं.

आता पावसाची गोष्ट सांगतो. ती सांगायलाच लिहायला बसलोय.

सप्टेंबरातली रात्र. उत्तरा लागून चार दिवस झाले होते. सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या, पानं पिवळी पडायला लागलेली, म्हणजे आता पाऊस नको असं आभाळाकडं बघून म्हणायचे दिवस. पहाटे पाचला चुलतभावाचा शेतातल्या आखाड्यावरून फोन आला. "दादा, रात्री ढगफुटी झाली. ओढ्याकाठचं सगळं गेलं."

संध्याकाळी टपरीवर मी तेच वाक्य तसंच्या तसं ठेवलं. "आमच्या शिवारात काल ढगफुटी झाली."

"कशावरून?"

खरं सांगतो, त्या क्षणी कपबशी फेकून मारावीशी वाटली. भावाचं एकराचं रान पाण्यात, आणि हा माणूस कशावरून विचारतोय. मी पहिलं उत्तर दिलं ते रागाचं. "सगळे म्हणायलेत." दुसरं उत्तर मोबाइलचं. भावानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. ओढा दोन्ही काठ सोडून धावतोय, सोयाबीन आडवं झालंय, मागून वहिनीचा आवाज येतोय. अण्णांनी चष्मा वर करून दोनदा बघितला आणि म्हणाले, "पाणी दिसायलंय. पाऊस दिसत नाही, तास दिसत नाही."

सगळी टपरी माझ्या बाजूला झाली. एकजण म्हणाला, अण्णा, माणसाचं नुकसान झालंय, आता तरी सोडा. मी पण तेच म्हणणार होतो. पण वकिलीची सवय आडवी आली. साक्षीदार नुसता 'नाही' म्हणत राहिला की आम्ही त्याला एक साधा प्रश्न करतो, आणि तो मी आजवर अण्णांना केला नव्हता.

"अण्णा, तुमची शंका नेमकी कशावर? पाऊस झाला यावर? नुकसान झालं यावर? का ढगफुटी म्हणालो त्यावर?"

अण्णा थांबले. त्यांनी खरंच विचार केला. "पाऊस झाला असंल. नुकसान तर दिसायलंच. माझी शंका त्या शब्दावर."

इतकं सोपं होतं. तीन गोष्टी मी एका पोत्यात भरून त्यांच्यासमोर टाकल्या होत्या, त्यातल्या दोन त्यांना मान्य होत्या. भांडण एका शब्दापुरतं होतं, आणि मी मात्र सगळं पोतं छातीशी धरून बसलो होतो.

त्या शब्दाला माप आहे. हवामान खात्याच्या हिशोबानं एखाद्या लहान भागात तासाभरात साधारण शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपल्याकडं मात्र पत्र्यावर आवाज जोरात झाला की ढगफुटी. मी म्हणालो, "मग मोजू." अण्णा म्हणाले, "आता कसं मोजणार? पाणी तर गेलं वाहून." तरी मोटारसायकलवर मागं बसले.

आखाड्यावर गेलो तेव्हा अंधार पडत आला होता. चुलतभाऊ गुडघाभर चिखलात. त्याचा पुरावा तयार होता: अंगणातलं घमेलं भरून वाहिलं. अण्णांनी घमेलं उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि खाली ठेवलं. "ह्याचं तोंड रुंद, बूड निमुळतं. पाऊस तोंडावर पडतो, साठतो बुडात. खोली जास्तच दिसणार. आणि भरून वाहिलं म्हंजी किती वाहिलं ते कोण सांगणार?" भावाचं तोंड उतरलं. त्याला वाटलं हा माणूस त्याला खोटं पाडायला आणलाय.

तेवढ्यात अण्णांचं लक्ष गोठ्यापासून लांब, उघड्यावर पडलेल्या तेलाच्या डब्याकडं गेलं. पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा, वरचं तोंड पूर्ण कापलेलं. वहिनीनं तो आदल्या दिवशी राखेनं घासून वाळत ठेवला होता आणि रात्री आत घ्यायचा राहिला होता. म्हणजे पावसाआधी तो कोरडा होता, आणि तसं सांगणारी, तो स्वतःच्या हातानं घासणारी बाई समोर उभी होती. ऐकीव नाही, पाहिलेलं. वर झाड नाही, पत्र्याची पागोळी नाही. चारही बाजू सरळ, त्यामुळं डब्यात जेवढी उंची तेवढाच पाऊस, गुणाकार नाही की भागाकार नाही. डबा सपाट फरशीवर होता हे अण्णांनी बोट बुडवून दोन कोपऱ्यांत बघून घेतलं.

पुतणीच्या कंपासपेटीतली पट्टी मागवली. मी मोबाइलचा उजेड धरला, भावानं पट्टी डब्यात उभी केली. आठ सेंटिमीटर, चार मिलिमीटर. चौऱ्याऐंशी मिलिमीटर.

"थांबा," अण्णा म्हणाले. मला वाटलं, झालं, आता पट्टीचा पुरावा. अण्णांनी पट्टी पुसली, चष्म्याजवळ धरली आणि नखानं टोक दाखवलं. पट्टीचा शून्य टोकावर नसतो, थोडा आत असतो. टोकापासून शून्यापर्यंत चार मिलिमीटर प्लॅस्टिक कोरं. "हे चार वर धरा. अठ्ठ्याऐंशी."

मी त्या माणसाकडं बघत राहिलो. शंका काढणाऱ्यानंच आमचा आकडा वाढवून दिला होता. नुसतं खोडून काढायलाच आला असता तर तो चार मिलिमीटर गिळून गप्प बसला असता.

पाऊस रात्री नऊला सुरू झाला आणि एकच्या सुमारास थांबला, असं भाऊ आणि शेजारच्या आखाड्यावरचा सालगडी दोघांनी वेगवेगळं सांगितलं. चार तासांत ८८. एखाद्या तासात जास्त पडला असंल, पण त्या एका तासातच शंभर पडणं शक्य नाही, कारण सगळ्या रात्रीचाच आकडा शंभराच्या आत. मी भावासमोर म्हणालो, "ढगफुटी मागं घेतो." भाऊ माझ्याकडं असं बघायला लागला जसं काही मी त्याचं रानच दुसऱ्याला देऊन टाकलं.

पण गोष्ट इथं उलटी फिरली. अण्णांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर आलेला महसूल मंडळनिहाय पावसाचा तक्ता उघडला. आमच्या मंडळासमोर आकडा होता ४१.

"सरकारी नोंद एक्केचाळीस," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी गडबड ऐकू आली.

२४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर सरकारी भाषेत अतिवृष्टी. डब्यात ८८, तक्त्यात ४१. आता मी विचारलं. चिडून नाही, अगदी त्यांच्याच सुरात. "अण्णा, हे एक्केचाळीस कशावरून?"

ते यंत्र आहे मंडळाच्या गावी, आखाड्यापासून अकरा किलोमीटरवर. ते खोटं बोलत नाही. तिथं तेवढाच पडला. भादव्यातला हा पाऊस वळवासारखा तुकड्यातुकड्यानं पडतो. आमच्याकडं म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजतं अन् एक कोरडं राहतं. कागद खरा, पण दुसऱ्या जागेचा. अण्णांनी नोकरीत अशा कागदांवर उभा जन्म काढला, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते डब्याकडं बघत बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "कागद आहे म्हणून खरं, असं मी पण धरून चाललो होतो."

त्या रात्री आखाड्यावर, कंदिलापाशी बसून अर्ज अण्णांनीच लिहिला. त्यात ढगफुटी नाही, अतिवृष्टी नाही. पाऊस किती पडला यावर अर्ज उभा केलाच नाही, कारण तिथं ४१ चा कागद आडवा येणार होता. लिहिलं ते पाहिलेलं: अमुक तारखेला रात्री ओढ्याला पूर येऊन पाणी पूर्वेकडचा बांध फोडून आत शिरलं, गट नंबर अमुक, चाळीस आर क्षेत्रातलं सोयाबीन आडवं होऊन गाळाखाली गेलं, पाहणारे दोघं, सह्या. मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं. अण्णा म्हणाले, 'शंभर टक्के' लिहू नका, ओढ्याकाठचा तुकडा किती, बाकीचं उभं किती, ते वेगळं लिहा. शंभर टक्के लिहिलं आणि एक ओळ उभी सापडली तर बाकीच्या खऱ्या ओळीही खोट्या ठरतात. डब्याचा आकडा खाली एका ओळीत टाकला, 'घरगुती मोजणी' असं स्पष्ट म्हणून. सहाव्या दिवशी पंचनामा झाला. पैशाचं विचारू नका, त्याचा पुरावा अजून खात्यात जमा झालेला नाही.

हे झाल्यापासून अण्णांशी वागायची माझी रीत बदलली. आता ते कशावरून म्हणाले की मी आधी वाक्याचं ओझं बघतो. बोराचं असलं तर हसून म्हणतो, "ऐकीव आहे अण्णा, जिभेवरून." ते मान हलवतात, चालतं त्यांना. जे मी पाहिलेलं नाही ते 'म्हणतात' लावून सांगायला शिकलो, आणि खरं तर त्या एका शब्दानं अर्ध्या कटकटी मिटल्या. वाक्य जड असलं की शंका कोणत्या भागावर आहे ते विचारतो. चुकलो असलो तर लगेच मागं घेतो. लगेच मागं घेतलेलं कोणी लक्षात ठेवत नाही, ताणलेलं मात्र पोळ्यापर्यंत चघळतात.

आणि काही वेळा अण्णांचा प्रश्न मी करायला हवा होता. एकदा टपरीवर कोणीतरी एका सोसायटीच्या सचिवाबद्दल म्हणालं, त्यानं खताच्या पैशात हात मारला. माणूस समोर नव्हता. आम्ही सगळ्यांनी चवीनं माना हलवल्या, मी वकील असून हलवली. अण्णा म्हणाले, कशावरून? सांगणारा अडखळला, मेहुण्यानं सांगितलं म्हणाला, मेहुण्याला कोणी सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. विषय तिथं मेला. तिथं मला बोराची आठवण झाली नाही.

मात्र 'कशावरून' म्हणणारा प्रत्येकजण अण्णा नसतो. मध्ये काही महिने एक तरुण भिडू टपरीवर यायचा. कपडे कडक, मोबाइल दोन. कोणीतरी २०१६ च्या दुष्काळाचं बोलत होतं, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्याचं. हा म्हणाला, प्रूफ? आम्ही सांगितलं, एप्रिल महिना, गाडी मिरजेहून आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, मिळून पाच लाख. पेपरात फोटोसकट आलं होतं. मग म्हणाला, पेपर खरं छापतात याचं प्रूफ? बरं, स्टेशनवर उभा राहून बघितलेला माणूस टपरीतच होता, त्यानं सांगितलं. मग म्हणाला, पाणी खरंच लागत होतं याचं काय प्रूफ? दहा वर्षांपूर्वी घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला तो माणूस त्याच्याकडं नुसता बघत राहिला.

जुन्या न्यायशास्त्रात यासाठी शब्द आहेत. खरं काय ते कळावं म्हणून बोलतात तो वाद. जिंकायचं म्हणून बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहायची, ती वितंडा. पुराव्याला पुरावा, त्याला पुन्हा पुरावा, असं कुठंच न थांबणारं मागणं म्हणजे अनवस्था. आपण वितंडवाद म्हणतो तेव्हा नुसतं भांडण म्हणतो, पण शब्दाचा मूळ कस तिथं आहे. अण्णांना आणि त्या पोराला एका तराजूत घालायला मी तयार नाही. मी पोराला शंका कोणत्या भागावर आहे ते विचारलं, त्यानं सांगितलं नाही, त्याला ती नव्हतीच. आणि आपल्या आवडीच्या माणसानं फेकलेल्या एकाही थापेला त्यानं कधी प्रूफ मागितलं नाही. मी म्हणालो, "आम्हाला माहीत होतं ते सांगितलं, तुमचं तुम्ही बघा," आणि चहा मागवला, त्यालाही एक. तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. त्याला आमचा कंटाळा आला असावा, हळूहळू येईनासा झाला.

अण्णांचीही एक खोड राहिली होती, ती सांगतो. मृग आला की ते दरवर्षी म्हणायचे, "आमच्या वेळेला सात जूनला पाऊस म्हंजी पाऊस. घड्याळ लावून घ्यावं." ऐकताना सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. हीच वेळ होती. टपरीवाल्यानं गाळणी हातात तशीच धरली. मला तो प्रश्न ओठांवर आला होता आणि मी तो गिळला, कारण साठीच्या पुढच्या माणसाला त्याच्या तरुणपणाच्या पावसाचा पुरावा मागणं म्हणजे बोराला मागण्यासारखंच. कोणाचं काय अडलंय?

पण अण्णांनी डोळे वळलेले पाहिले. दोन दिवस टपरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पिशवीत नोकरीतल्या डायऱ्या घेऊन. वर्षाला एक, अशा अकरा सापडल्या होत्या, बाकीच्यांना वाळवी लागली. पेरणीजोगा पाऊस कधी झाला ते त्यांनी प्रत्येकीत टिपून ठेवलं होतं. "अकरातली तीन साल सात जूनच्या आत," ते हळू आवाजात म्हणाले. "एका साली तर जुलै उजाडला." कोणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं का, ते अजून कळलेलं नाही.

तो तेलाचा डबा मी आखाड्यावरून घरी आणला. अंगणात भिंतीपासून लांब, चार विटांच्या चौथऱ्यावर ठेवलाय, वाऱ्यानं लवंडू नये म्हणून बाजूनं खुंट्या ठोकल्यात. पट्टीचं शून्यापर्यंतचं टोक अण्णांनी ब्लेडनं नीट कापून दिलं. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्यात चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळेला मोजतात. वही घातलीय. पाऊस झालेल्या प्रत्येक सकाळी अण्णा मॉर्निंग वॉकचा रस्ता सोडून आमच्या फाटकाशी येतात.

परवा सतरा मिलिमीटर भरला. मी लिहिलं, सही केली, वही त्यांच्यापुढं धरली. त्यांनी सहीसाठी पेन काढलं आणि तसंच थांबले. गल्लीतलं तांबडं कुत्रं फाटकाखालून आत येऊन डब्याजवळ जांभई देत उभं होतं.

"रात्री ह्यानं डब्यात तोंड घातलं नाही," अण्णा म्हणाले, "हे कशावरून?"